स्कूटरचा किमीमागे खरा खर्च किती? आणि मग मेट्रो की बसचा पास?

वनाजवासी | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी, एका हिशोबात मदत हवी आहे. घर कोथरूडला, वनाज मेट्रो स्टेशनपर्यंत चालत आठ मिनिटं. ऑफिस विमाननगरला, रामवाडी स्टेशनपासून साधारण २ किमी आत. आत्तापर्यंत बहुतेक वेळा ११० सीसी स्कूटरनेच जात होतो, एका बाजूने १७ किमी, म्हणजे रोजचे ३४.

माझा हिशोब असा की गाडी घेताना शोरूममधे पन्नासचं अ‍ॅव्हरेज सांगितलेलं, पेट्रोल १०४ च्या आसपास, म्हणजे किमीला २ रुपये ८ पैसे आणि दिवसाला साधारण ७१ रुपये. मेट्रोचं वनाज ते रामवाडी तिकीट ३०, येऊन-जाऊन ६०. पण रामवाडीला उतरल्यावर रिक्षा केली की ३४ रुपये जातात, दोन्ही वेळचे धरले की मेट्रो सव्वाशेच्या पुढे जाते. बसचा महिन्याचा पास १५०० चा आहे, गेल्या महिन्यात मी तो काढला होता आणि आता वाटतंय की पैसे वाया गेले, कारण बसने जेमतेम दहा-बारा दिवस गेलो.

घरी बायको म्हणते की पन्नास वगैरे काही नाही, दर चार दिवसांनी तू पंपावर असतोस. तर किमीमागचा खरा खर्च काढायची नीट पद्धत कोणी सांगेल का? आणि पासाशी तुलना करताना काय काय धरायचं?

धन्याबापू | सोमवार, रात्री १०.०५

पन्नास विसरा, शहरात कुठलीच स्कूटर पन्नास देत नाही. पद्धत सोपी आहे, मी वीस वर्षं हेच करतो. गाडी रिझर्व्हला आली की बरोबर २ लिटर टाकायचं, मीटर लिहून ठेवायचा, परत रिझर्व्हला आली की मीटर बघायचा. जेवढे किमी झाले त्याला दोनने भागा, झालं. तुमच्या स्कूटरला कॉक नसेल तर काटा लाल पट्टीला टेकला की रिझर्व्ह समजायचं.

आणि खर्चात इन्शुरन्स, पीयूसी, गाडीचा हप्ता सगळं धरा. लोक फक्त पेट्रोल धरतात आणि गाडी स्वस्त म्हणतात. सगळं धरलंत तर किमीला सहा रुपयांच्या खाली येणार नाही आणि पास डोळे झाकून परवडेल.

मुंबईकर_मध्य | सोमवार, रात्री १०.३२

पास काढला तर पैसे वाया कसे जातील? माझा कल्याणहून लोकलचा पास आहे, महिन्यातून आठ दिवस गेलो तरी वसूल. पासाचा हिशोब करायचीच गरज नसते, डोळे मिटून काढायचा.

वनाजवासी | सोमवार, रात्री १०.४१

दादा, तुमचा रेल्वेचा पास, मी पीएमपीच्या बसबद्दल म्हणतोय. पुण्यात २०२५ मधे १ जूनला दर वाढले, पास ९०० वरून १५०० झाला आणि रोजचा पास ४० चा ७०. लोकलसारखं नाही हे.

मुंबईकर_मध्य | सोमवार, रात्री १०.५०

अच्छा, बसचा होय. मग माफ करा, त्यातलं मला माहीत नाही. फक्त एवढंच सांगतो की स्टेशनपर्यंत गाडी नेत असाल तर पार्किंगचे पैसे हिशोबात धरा. लोकलचा पास स्वस्त म्हणून मी खूश होतो आणि वर्षभराने लक्षात आलं की स्टेशनबाहेरचं पार्किंग पासापेक्षा जास्त पडतंय.

खर्चवही | मंगळवार, सकाळी ७.१५

वनाजवासी, आमच्या एजन्सीच्या १४ दुचाकी माल पोचवायला रोज फिरतात आणि त्यांच्या पेट्रोलचा हिशोब नऊ वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

बापूंची रिझर्व्हची पद्धत जुन्या, कॉकवाल्या बाइकला एकदम बरोबर आहे, कारण तिथे कॉक फिरवायची वेळ येते तेव्हा टाकीत पेट्रोल दर वेळी तेवढंच असतं. स्कूटरच्या काट्याला ती खात्री नाही. टाकी सरळ डब्यासारखी नसते आणि आतला तरंगता गोळा चढावर वेगळं दाखवतो, उतारावर वेगळं. गाडी मुख्य स्टँडवर लावली की लाल पट्टीला टेकलेला काटा वर आलेला मी कितीतरी वेळा बघितलाय. तिथे अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो आणि दोन लिटरच्या मोजमापात अर्धा लिटर चुकला तर मग मोजून उपयोगच काय.

स्कूटरला फुल टू फुलच करायचं. एकदा टाकी फुल करायची, म्हणजे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होतं तिथे थांबायचं, त्यावर एक थेंब नाही. मीटरचा आकडा लिहायचा. मग नेहमीसारखी गाडी चालवायची. पुढच्या वेळी परत त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर, गाडी त्याच स्टँडवर लावून फुल करायची. या वेळी जेवढे लिटर गेले तेवढे आधीच्या किमींना लागले. मधे कधी दोनशेचं टाकलं तरी बिघडत नाही, फक्त त्याचे लिटर लिहून ठेवायचे आणि शेवट फुलवर करायचा.

मुख्य म्हणजे एका टाकीवर निकाल द्यायचा नाही. स्कूटरची टाकी पाच-सव्वापाच लिटरची, आपण भरतो चारेक लिटर. त्यात नोझल जरा आधी किंवा जरा नंतर बंद झालं की दोनशे मिली इकडचं तिकडे होतं, म्हणजे पाच टक्के तिथेच चुकले. तीन-चार टाक्यांचे लिटर एकत्र केलेत की तीच चूक दीड टक्क्यावर येते.

पंपवाल्याला आधीच सांगा, ऑटो कट झालं की थांबा, राउंड फिगर करू नका. त्यांना सवय असते ३८७ झाले की चारशेपर्यंत न्यायची, त्यांचा दोष नाही, सुट्ट्याची कटकट टाळतात, पण आपला हिशोब तिथे मोडतो. शिवाय झाकणापर्यंत भरलं तर उन्हात पेट्रोल फुगायला जागा राहत नाही.

इन्शुरन्सबद्दल संध्याकाळी लिहिते, आता निघायचंय.

प्रसाद_पिंपळे | मंगळवार, सकाळी ११.२०

खर्चवही ताई, मस्त लिहिलंत. माझी केस थोडी वेगळी. मी पिंपळे सौदागरहून नाशिक फाटा स्टेशनपर्यंत स्कूटर नेतो, तिथून मेट्रोने स्वारगेट. स्टेशन ३ किमी, म्हणजे दिवसाचे फक्त ६ किमी. मला वाटायचं एवढंसं अंतर, त्याला काय पेट्रोल लागणार. याच पद्धतीने मोजलं तर अ‍ॅव्हरेज ३३ आलं, आणि तीच गाडी रविवारी लांब नेली की पंचेचाळीस देते. मेकॅनिकला दाखवली, तो म्हणाला गाडीत काही नाही. असं का होत असेल?

खर्चवही | मंगळवार, दुपारी १.१०

प्रसाद, ३ किमीत इंजिन नीट तापतच नाही. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं आणि ऑइलही घट्ट असतं, ते पातळ होईपर्यंत तुमचं स्टेशन येतं. संध्याकाळी परत तेच, गाडी दिवसभर उभी राहून थंड झालेली. आमच्याकडे जो मुलगा फक्त जवळच्या दुकानांना जातो त्याच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज कायम सगळ्यांत कमी, गाड्या अदलाबदल करून बघितल्या तरी त्या रूटचंच कमी येतं. तेव्हा तुमच्या हिशोबात ३३ च धरा, किमीला ३ रुपये १५ पैसे, दिवसाचे १९ रुपये. रविवारचं पंचेचाळीस या कामाला चालणार नाही.

हेच वनाजवासींनाही लागू. ज्या रस्त्याची तुलना करायची त्याच रस्त्यावर मोजलेलं अ‍ॅव्हरेज घ्या. मधे सिंहगडाला किंवा गावाला जाऊन आलात तर त्या टाक्या यात मिसळू नका.

चारचाकी_अभि | मंगळवार, दुपारी ३.४५

मी कोथरूड ते खराडी कारने जातो, दिवसाचे ४० किमी. डॅशबोर्डवर अ‍ॅव्हरेज १४.२ दाखवतो म्हणून मी त्याच्यावरच चाललो होतो. हा धागा वाचून मागच्या दोन महिन्यांच्या टाक्या काढल्या, मी बिलं गाडीच्या कप्प्यात टाकतो, त्यातल्या निम्म्यांची शाई उडालेली, पण यूपीआयच्या मेसेजवरून रक्कम मिळाली. फुल टू फुल बारा येतंय, बारा! सिग्नलला उभं राहताना एसी चालू असतो हे खरं, पण डॅशबोर्डच्या आणि खऱ्या आकड्यात एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं.

म्हणजे किमीला ८ रुपये ६७ पैसे, दिवसाला जवळजवळ ३४७ रुपये फक्त पेट्रोल. मेट्रो कार्डने गेलो तर तिकिटावर १० टक्के सूट, म्हणजे येऊन-जाऊन ५४. रामवाडी ते आमचं ऑफिस ६ किमी, रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किमीला २५ आणि पुढे १७, म्हणजे एका वेळचे १०१-१०२. दोन्ही वेळा एकट्याने रिक्षा केली तरी एकूण २५७. कारपेक्षा ९० रुपये कमी आणि रिक्षात कोणी सोबत मिळालं तर अजून निम्मे वाचतात. कारवाल्यांना यात फार विचार करायला जागाच नाही. स्कूटरवाल्यांचं मात्र बारीक गणित आहे, ते वाचायला आवडेल.

धन्याबापू | मंगळवार, संध्याकाळी ६.००

काट्याचं पटलं, मी बाइकवाला आहे म्हणून तसं लिहिलं. पण इन्शुरन्स का नाही धरायचा ते सांगा. पैसे तर खिशातूनच जातात ना.

खर्चवही | मंगळवार, रात्री ८.५०

बापू, जातात हो. पण प्रश्न काय आहे ते बघा. वनाजवासी स्कूटर विकणार आहेत का? माझ्या मते नाही, भाजी आणायला, मुलांना क्लासला सोडायला ती लागणारच. मग मेट्रोने गेले तरी इन्शुरन्स तेवढाच, हप्ता तेवढाच, पीयूसी तेवढीच. जो खर्च दोन्हीकडे सारखाच आहे तो धरा किंवा सोडा, फरक तेवढाच येणार. तो फक्त गाडीच्या बाजूला टाकला तर पास आहे त्याहून स्वस्त भासतो. गाडी ठेवायची की विकायची असा प्रश्न असता तर तुमचं शंभर टक्के बरोबर होतं.

पण फक्त पेट्रोलही पुरेसं नाही, कारण किमी चालले की आणखी काही गोष्टी झिजतात. आमच्याकडच्या ११० सीसी गाड्यांवरून सांगते, हे माझ्या वहीतले आकडे आहेत, तुमच्याकडे थोडे मागेपुढे होतील. दर ४००० किमीला सर्व्हिसिंग आणि ऑइल मिळून साधारण १८०० जातात, म्हणजे किमीला ४५ पैसे. दोन टायर ३६०० चे, २४ हजार किमी चालतात, १५ पैसे. बेल्ट आणि रोलर तेवढ्याच किमीला २४०० चे, १० पैसे. ब्रेक शू ८०० चे, १२ हजारांना, ७ पैसे धरा. एकूण ७७ पैसे. पेट्रोलच्या आकड्यात हे मिळवायचे आणि मग तिकिटाशी तुलना करायची.

गाडीची किंमत उतरते त्याचं काय, असं कोणी विचारेल. गाडी जुनी होते तशी वर्षामुळेही उतरते आणि किमीमुळेही, त्यातला किमीचा भाग किती हे मला आजवर नीट वेगळं काढता आलेलं नाही, म्हणून मी तो धरत नाही.

धन्याबापू | मंगळवार, रात्री ९.१५

हे समजलं. पण मी तरी उतरणारी किंमत धरीन. रोज ३४ किमी म्हणजे वर्षाला सात-आठ हजार किमी, मीटर बघूनच जुन्या गाडीचा भाव ठरतो.

सौ_शुभदा | बुधवार, सकाळी ९.३०

आमचं कोणी विचारात घेतलं नाही म्हणून लिहिते. आम्ही दोघं एकाच स्कूटरवर जातो, हे मला डेक्कनला सोडतात आणि पुढे येरवड्याला जातात, संध्याकाळी तसंच परत. दिवसाला २८ किमी होतात, दोघं बसल्यामुळे अ‍ॅव्हरेज ४० येतं, मी वहीत लिहिते. किमीला २ रुपये ६० पैसे, दिवसाचे ७३, आमचे महिन्याला २४ दिवस भरतात म्हणजे साडेसतराशे. दोघांचे बसचे पास काढले तर ३००० होतात. खर्चवही ताईंचे ७७ पैसे मिळवले तरी गाडी सव्वाबावीसशे-तेवीसशेत बसते. पास माणशी असतो आणि पेट्रोल गाडीमागे, म्हणून दोघं असतील तर सगळं उलटं होतं. एकट्याचा हिशोब वाचून कोणी घाईने दोन पास काढू नयेत एवढंच सांगायचं होतं.

खर्चवही | बुधवार, सकाळी १०.०५

शुभदाताई, अगदी बरोबर. फक्त दोघं बसता तर मागच्या टायरची हवा दोघांसाठीची ठेवताय ना? गाडीवरच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, एकट्याचा वेगळा.

सौ_शुभदा | बुधवार, सकाळी १०.२०

हे नव्हतं माहीत! आज बघते.

वनाजवासी | पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२.३०

मंडळी, मोजलं. फक्त ऑफिसला आणि जवळपासच गाडी चालवली. जसं आहे तसं देतो.

सुरुवातीला फुल केली तेव्हा मीटर १८४१२. पहिल्यांदा भरलं १८५६६ ला, १५४ किमी, ३.६१ लिटर, म्हणजे ४२.७ चं अ‍ॅव्हरेज. दुसऱ्यांदा १८७३१ ला, १६५ किमी, ४.३३ लिटर, आणि अ‍ॅव्हरेज एकदम ३८. तिसऱ्यांदा १८८८९ ला, १५८ किमी, ३.५७ लिटर, इथे ४४.३!

एकाच रस्त्यावर ३८ आणि ४४ कसं येतं? तिन्हींची सरासरी काढली तर ४१.७ होते, ती धरू का? की ३८ वालं चुकलं म्हणून काढून टाकू?

धन्याबापू | रविवार, दुपारी १२.५५

सरळ तिन्हींची सरासरी, ४१.७. नाहीतर ३८ वालं काढा आणि बाकी दोनाची घ्या, ४३ च्या पुढे येतंय, चांगलं आहे.

खर्चवही | रविवार, दुपारी २.१०

काढू नका! दुसऱ्यांदा भरलं तेव्हा ४.३३ लिटर म्हणजे १०४ ने बरोबर ४५० रुपये होतात. राउंड फिगर झाली होती का?

वनाजवासी | रविवार, दुपारी २.२५

हो ताई, बरोबर ओळखलंत. त्या दिवशी नेहमीच्या पंपावर रांग होती म्हणून पुढच्या पंपावर गेलो, तिथे नोझल बंद झाल्यावर मी पैसे काढेपर्यंत त्याने टक टक करत साडेचारशे केले. मी थांबा म्हणेपर्यंत झालंच होतं.

खर्चवही | रविवार, दुपारी २.४०

तेच कारण. वरून जे दोनशे-अडीचशे मिली जास्त गेलं ते दुसऱ्या टाकीच्या नावावर चढलं म्हणून ती वाईट दिसली, आणि तेच पेट्रोल तिसऱ्या टाकीत जळलं म्हणून तिसरी चांगली दिसतेय. एकीचं दुसरीला मिळालं. म्हणून दुसरी एकटी काढली तर जास्तीचं पेट्रोल हिशोबातून नाहीसं होतं आणि गाडी उगाच चांगली दिसते. काढायच्या तर दोन्ही काढा, पण त्याची गरजच नाही, एकत्र करा. एकूण ४७७ किमी आणि एकूण ११.५१ लिटर. भागा, ४१.४ येतं.

बापू, अ‍ॅव्हरेजची सरासरी काढायची नाही, हे आमच्याकडे नवीन मुलालाही मी पहिल्या दिवशी सांगते. इथे आकडे जवळजवळ आहेत म्हणून ४१.७ आणि ४१.४ एवढाच फरक पडला. पण अभिसारखी कार घ्या, शहरात १० देते आणि हायवेला २०. शंभर किमी शहरात, शंभर हायवेला. सरासरी काढलीत तर १५ येईल. प्रत्यक्षात शहरात १० लिटर आणि हायवेला ५, मिळून १५ लिटरमधे २०० किमी झाले, म्हणजे १३.३. जिथे गाडी जास्त पिते तिथले लिटर जास्त असतात, ते सरासरीत दिसत नाहीत. किमीची बेरीज, लिटरची बेरीज आणि मग एकदाच भागाकार.

आता किमीला १०४ भागिले ४१.४४, २ रुपये ५१ पैसे. तुमचे ३४ किमी म्हणजे दिवसाचे ८५. तुमच्या पहिल्या हिशोबातले ७१ आणि हे ८५, चौदा रुपयांचा फरक शोरूमच्या पन्नासामुळे होता. ७७ पैशांप्रमाणे झिजेचे २६ मिळवा, १११.

एक बारीक गोष्ट विचारायची राहिली, ते १७ किमी मॅपवरचे की गाडीच्या मीटरवरचे?

वनाजवासी | रविवार, दुपारी ३.०५

गाडीच्या मीटरवरचे. मॅपवर १६.४ दाखवतं. मग मॅपचं धरायला हवं होतं का?

खर्चवही | रविवार, दुपारी ३.२०

नाही नाही, गाडीचंच धरा. मीटर थोडं जास्त दाखवत असेल तर अ‍ॅव्हरेजही तेवढंच जास्त आलेलं असतं, त्याच मीटरचं अंतर वापरलं की दोन्ही चुका एकमेकींना खातात. अ‍ॅव्हरेज गाडीच्या मीटरचं आणि अंतर मॅपचं असं मिसळलंत तर मात्र खर्च कमी दिसेल.

चारचाकी_अभि | रविवार, दुपारी ४.००

मग आता मेट्रोच्या बाजूचं लिहा ना. १११ विरुद्ध १२२, म्हणजे स्कूटरच स्वस्त?

वनाजवासी | रविवार, रात्री ९.२०

अभि, दोन्ही वेळा रिक्षा केली तर हो, मेट्रोचे कार्डने ५४ आणि रिक्षाचे ६८, एकूण १२२, स्कूटर ११ रुपयांनी स्वस्त. पण या पाच आठवड्यांत मी चार दिवस मुद्दाम मेट्रोने गेलो आणि रामवाडीहून बस बघितली. पाच किमीच्या आत तिकीट १० रुपये. सकाळी पाच-सात मिनिटांत बस मिळते, संध्याकाळी मात्र एकदा पंचवीस मिनिटं उभा होतो आणि शेवटी रिक्षा केली. तरी दोन्ही वेळा बस मिळाली तर ५४ अधिक २०, म्हणजे ७४. सकाळी बस आणि संध्याकाळी रिक्षा केली तर ९८. म्हणजे स्कूटरपेक्षा महाग फक्त रोज दोन्ही वेळा रिक्षा केली तरच पडतं. सगळं त्या शेवटच्या दोन किमीवर अडलेलं आहे, मधल्या पंधरा किमीचा प्रश्नच नाही.

आणि पासाचं माझं कुठे चुकलं तेही आता कळलं. मला आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस असतं, महिन्याला १३ दिवस. थेट बसचं तिकीट एका वेळचं ४०, दिवसाचे ८०, त्याऐवजी रोजचा ७० चा पास घेतला असता तर १३ दिवसांचे ९१० झाले असते. मी १५०० भरले. ७० च्या हिशोबाने १५०० वसूल व्हायला २२ दिवस जावं लागतं, म्हणजे जे रोज जातात त्यांनाच तो जेमतेम बरोबरीत येतो.

शनिवारपण_ऑफिस | रविवार, रात्री ९.५०

२२ दिवस हे ज्यांना शनिवार सुट्टी आहे त्यांचं. आम्ही २६ दिवस जातो आणि रविवारीही त्याच पासावर घरचे काम, सासरी जाणं वगैरे होतं, मला पास चांगला परवडतो. दिवसातून तीन-चार बस बदलणाऱ्यांना तर फारच. शिवाय मेट्रोला शनिवार-रविवार ३० टक्के सूट आहे, तुमचं ३० चं तिकीट २१ ला पडेल, शनिवारी जाणाऱ्यांनी ते धरावं.

प्रसाद_पिंपळे | रविवार, रात्री १०.१०

मेट्रोचा १०० चा एक दिवसाचा पासपण आहे, तो कोणी घेतं का?

वनाजवासी | रविवार, रात्री १०.१८

दोनच फेऱ्यांना नाही परवडत, माझे ५४ मधे होतात. पाहुणे आले, दिवसभर फिरायचं असेल तर ठीक.

धन्याबापू | रविवार, रात्री १०.३०

सगळं ठीक आहे पण वेळ कोणीच धरला नाही. स्कूटरने किती लागतात आणि मेट्रो-बसने किती?

वनाजवासी | रविवार, रात्री १०.४५

बापू, स्कूटरने सकाळी ५० मिनिटं, संध्याकाळी बंडगार्डन पुलापाशी अडकलो की तास-सव्वा तास. मेट्रोत घर ते ऑफिस तासभर, बस लगेच मिळाली तर. थेट बसने सव्वा तासाच्या खाली कधीच नाही. मेट्रोत बसायला जागा मिळाली तर वाचन होतं, स्कूटरवर खांदे दुखतात, याचे रुपये कसे करायचे ते मला कळत नाही, म्हणून नाही लिहिलं.

खर्चवही | सोमवार, सकाळी ७.०५

नका करू. प्रत्येकाचे वेगळे होतील.

बाकी, ११० सीसीला ४१ जरा कमी वाटतंय मला. आमच्या गाड्या माल घेऊन ४४-४५ देतात. हवा शेवटची कधी बघितलीत? आणि मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवून बघा, सहज फिरतंय की घासतंय. ब्रेक जास्त ओढून बसवलेला असला की चाक अडखळतं आणि पेट्रोल तिथे जातं, ड्रमला हात लावला तर गरम लागतो.

वनाजवासी | सोमवार, रात्री ८.३५

ताई, चाक मोकळं फिरतंय. हवा मात्र मागच्याला १८ निघाली, स्टिकरवर २९ लिहिलंय! पंक्चरवाला म्हणाला वॉल्व्हमधून बारीक गळतीय, थुंकी लावून दाखवली त्याने, सावकाश एकेक बुडबुडा येत होता. पिन बदलली, वीस रुपये घेतले. आजच त्याच पंपावर ऑटो कटपर्यंत फुल केलीय, मीटर १८९२३.

आता तीन दिवसांपैकी दोन दिवस मेट्रो आणि बस, आणि ज्या दिवशी उशिरापर्यंत मीटिंग असते त्या दिवशी स्कूटर असं ठरवलंय. त्यामुळे तीन टाक्या व्हायला या वेळी दोन महिने लागतील. झाल्या की आकडे इथेच टाकतो.

सौ_शुभदा | सोमवार, रात्री ९.००

आमची मागची २४ निघाली होती, दोघांसाठी ३६ हवी. आम्हीपण भरलीय, आमचेही आकडे टाकते. पण एक विचारू का, पावसाळ्यात अ‍ॅव्हरेज कमी येतं असं माझ्या वहीत दोन वर्षं दिसतंय, ते ओल्या रस्त्यामुळे की ट्रॅफिकमुळे?